मोशीच्या पुढची रेघ

नववीला आलेख शिकवताना पहिला तास वाया जाणार, हे इंदुताई धरूनच चालत. कासारवाडीच्या त्या पत्र्याच्या शाळेत गणित शिकवायला लागून त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि सहाही वर्षं मुलांनी तीच चूक केली होती. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, आजूबाजूला आणखी कारखान्यांची छपरं दिसायला लागली, बाहेरगावची माणसं कामाला आली आणि त्यांची मुलं शाळेत आली. मुलं बदलली, चूक मात्र तीच राहिली.

फळ्याच्या उजव्या बाजूला पांढऱ्या रंगाने चौकटी आखून घेतलेल्या होत्या. त्यावर इंदुताईंनी एक आलेख काढला. रेघ आधी वर चढत गेली, मग थोडी आडवी झाली, मग खाली उतरली.

"एक माणूस सायकलवरून निघाला," त्या म्हणाल्या. "आडव्या रेषेवर वेळ आहे, उभ्या रेषेवर घरापासूनचं अंतर. आता हा माणूस काय करतोय ते सांगा."

ज्योतीराम मागच्या बाकावरून उठला. "बाई, तो घाट चढतोय. मग वर सपाटी लागली. मग घाट उतरला."

वर्गातल्या बऱ्याच माना हलल्या. लोणावळ्याकडचा घाट पाहिलेला नाही असं त्या वर्गात कुणी नव्हतं.

"हे रस्त्याचं चित्र नाही," इंदुताई म्हणाल्या. "रस्ता अगदी तळहातासारखा सपाट असला तरी रेघ अशीच येईल. रेघ वर जाते म्हणजे तो घरापासून लांब जातो. बरं, रेघ आडवी आहे तिथे काय झालं?"

इंदुताईंनी आडव्या रेघेखाली खडू टेकवला.

"वेळ पुढे गेली का?"

"गेली."

"अंतर वाढलं?"

"नाही."

"मग?"

"थांबला," फरीदा म्हणाली. ती पुढच्या बाकावर बसायची. नववीत मुली तीनच होत्या आणि तिघींना एकच बाक होता.

"थांबला. आणि रेघ खाली आली म्हणजे तो घराकडे परतला. घाट उतरला नाही, अंतर कमी होत गेलं." इंदुताईंनी खडू ज्योतीरामच्या हातात दिला. "आता तू काढ. माणूस एका तासात दहा मैल गेला, अर्धा तास थांबला आणि एका तासात परत आला."

ज्योतीरामने जाण्याची रेघ नीट काढली, थांबण्याचीही काढली. परतीची रेघ मात्र त्याने मागे वळवली आणि सुरुवातीच्या बिंदूत नेऊन मिळवली.

"किती वाजता घरी पोचला हा?"

ज्योतीरामने बोट आडव्या रेषेवर ठेवलं आणि थोडा वेळ तसंच धरलं. "निघाला तेव्हाच," तो म्हणाला. वर्ग हसला, तोही हसला. घरी परत येता येतं, गेलेल्या वेळेत परत येता येत नाही, हे मग सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच ती रेघ पुसली आणि उजवीकडे पुढे नेत खालच्या आडव्या रेषेवर टेकवली.

दुसऱ्या दिवशी वेग झाला. रेघ जितकी उभी तितका वेग जास्त, जितकी कललेली तितका कमी. तीन मिनिटांत एक मैल म्हणजे तासाला वीस मैल. पाच मिनिटांत एक मैल म्हणजे बारा. फरीदाला हे झटकन जमलं. तिचे वडील अकबर गाडी चालवत. वेग हा शब्द त्यांच्या घरात रोजचा होता.

अकबरची गाडी म्हणजे फाट्यावरच्या दवाखान्याची गाडी. लष्कराच्या लिलावात घेतलेली, मागे दोन फळ्या टाकून रोगी निजवायची सोय केलेली. दवाखाना गावच्या लोकांनी वर्गणीतून चालवलेला होता. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक नर्सबाई आणि अकबर, एवढीच माणसं. त्याचं काम पाहायला तिघांची समिती होती. धान्याचे व्यापारी दत्तोबा अध्यक्ष, डॉक्टर स्वतः आणि तिसऱ्या इंदुताई. पंचायतीला लिहिता-वाचता येणारी बाई हवी म्हणून त्यांना घेतलं होतं.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली.

चाकणच्या अलीकडे एक वस्ती आहे. तिथला एक माणूस सकाळच्या एसटीने दवाखान्यात आला. त्याच्या शेजारच्या रंगरावच्या बायकोला, गोजाबाईला, पहाटेपासून कळा येत होत्या, पहिलंच बाळंतपण होतं आणि वस्तीवरच्या सुईणीने हात टेकले होते. रंगराव स्वतः पिंपरीला एका कारखान्यात होता, दापोडीला चौघांत मिळून खोली घेऊन राहायचा. त्याला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. अकबरने गाडी काढली, नर्स कौशल्याबाई शेजारी बसल्या. आठला निघालेली गाडी गोजाबाईला घेऊन परत आली तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी होतं तेवढं केलं. गोजाबाई वाचली. मूल राहिलं नाही. मुलगा होता.

दुपारची शिफ्ट सुरू व्हायच्या सुमारास रंगरावला निरोप मिळाला. तो आला, बायकोच्या खाटेपाशी बसला, संध्याकाळी वस्तीवर आईकडे गेला. परत आला तो तक्रार घेऊनच. दत्तोबांच्या दुकानात उभा राहून त्याने ती सांगितली.

"बारा मैल जायाचं, बारा मैल यायाचं. चोवीस मैलाला दोन तास चाळीस मिन्टं. ताशी नऊ मैल पडत्यात. म्या सायकलवर यापरीस लवकर जातो. तुमचा डायवर काय करत व्हता, सांगा."

दत्तोबांनी दौतीशेजारी ठेवलेल्या कागदावर भागाकार करून पाहिला. नऊच आले.

"रविवारी शाळंत बैठक घेतो," ते म्हणाले. "तोवर गाडी दुसऱ्या कुणाकडं तरी देतो."

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात, न्हाव्याकडे, गिरणीत, सगळीकडे नऊ मैलांची गोष्ट झाली होती. कुणी म्हणालं अकबर झोपला असेल, कुणी म्हणालं प्यायला असेल. अकबर पीत नसे. तो घरी बसून राहिला आणि विचारणाऱ्यांना एवढंच सांगत राहिला की रेल्वेचं फाटक बंद होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर फरीदा इंदुताईंच्या टेबलापाशी थांबली. बाकीची मुलं गेली तरी ती हलली नाही.

"बाई, अब्बांच्या फेरीचा आलेख काढलाय," ती म्हणाली आणि चौकटीचा कागद पुढे ठेवला. "रविवारी तुम्ही फळ्यावर काढाल का? नऊ मैल हे खोटं आहे. म्हणजे खरं आहे, पण गाडी नऊने चालत नव्हती. थांबलेली वेळ पण त्यातच धरली त्यांनी."

इंदुताईंनी कागद पाहिला. आडवी एक चौकट पाच मिनिटांची, उभी एक चौकट एका मैलाची. आठ वाजता रेघ सुरू होत होती. पहिल्या मैलावर तीन मिनिटांत पोचून आडवी होत होती.

"हे फाटक?"

"हो. मालगाडी होती. नऊ मिनिटं. फाटकवाल्याला विचारून आले."

फाटकानंतर रेघ पुन्हा चढत होती. मोशीला, सातव्या मैलावर, एक ठिपका होता. तिथून पुढे ती थेट बाराव्या मैलावर आठ पंचावन्नला जात होती. मग लांबच लांब आडवी, नऊ चाळीसपर्यंत. मग खाली.

"या वेळा कुणी दिल्या?"

"नर्सबाईंनी. त्यांच्या मनगटावर घड्याळ असतं. कळा मोजायच्या म्हणून येताना तर त्या सारखं बघत होत्या. जाताना मोशीच्या मैलाच्या दगडापाशी साडेआठ झाले होते, तेही त्यांना आठवत होतं."

इंदुताईंनी मोशीच्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंच्या रेघांवरून बोट फिरवलं. त्यांना जे दिसलं ते सांगावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. दुसरा कुणी विद्यार्थी असता तर त्यांनी विचारलं असतं. शेवटी त्यांनी तेच केलं.

"फाटकापासून मोशीपर्यंत वेग किती येतो?"

फरीदाला कागद पाहावा लागला नाही. "सहा मैल, अठरा मिनिटं. तासाला वीस."

"मोशीपासून पुढे?"

"पाच मैल. साडेआठ ते आठ पंचावन्न..." ती थांबली. "पंचवीस मिनिटं. तासाला बारा."

"रस्ता तिथे खराब आहे का?"

"नाही. सारखाच आहे. मी गेलेय."

रेघ मोशीच्या अलीकडे जेवढी उभी होती तेवढी पलीकडे नव्हती. सांगितल्यावर ते कुणालाही दिसलं असतं. फरीदाने पट्टी घेतली, बाराव्या मैलाच्या ठिपक्यावर टेकवली आणि अलीकडच्या रेघेइतकीच उभी धरून मागे सरकत आणली. पट्टी सातव्या मैलावर आठ चाळीसला आली. साडेआठच्या ठिपक्यापासून तिच्यात दोन चौकटींचं अंतर राहिलं.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

"एवढ्यावरून नक्की म्हणता येणार नाही," इंदुताई म्हणाल्या. "दोन्ही होऊ शकतं. गाडी सगळे पाच मैल हळू गेली असेल. किंवा मध्ये कुठेतरी दहा मिनिटं थांबली आणि बाकी वेळ वीसनेच गेली. दोनच ठिपके असले की आपण सरळ रेघ मारतो. मधलं काय झालं हे ती रेघ सांगत नाही."

"नर्सबाईंना माहीत असेल."

"त्या सांगतील. पण तू त्यांना विचारू नयेस असं मला वाटतं."

फरीदाने कागदाची घडी केली. "अब्बांना विचारते," ती म्हणाली.

तिचं घर मशिदीमागच्या चाळीत होतं. अकबर दाराशी स्टुलावर बसून कंदिलाची काच पुसत होता. आई आत भाकरी करत होती. फरीदाने कागद त्याच्यासमोर जमिनीवर पसरला आणि सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसं. ही वेळ, हे अंतर, हे फाटक. मोशीच्या ठिपक्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "इथून पुढे रेघ ढिली पडलीय. गाडी हळू चालवलीत का?"

अकबरला आलेख येत नव्हता. पण मुलीचं बोट कुठे टेकलंय हे त्याला कळलं.

"गाडीत पाणी घातलं," तो म्हणाला.

"पाण्याला दहा मिनिटं?"

तो काच पुसत राहिला. भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"तुझी फूफी रस्त्यावर उभी होती," तो अखेर म्हणाला. मोशीला त्याची बहीण रहमतबी राहत होती. नवऱ्याचं सायकलींचं दुकान अगदी रस्त्याला लागून होतं. "रोज गाडी जाताना बघते. हात केला. म्हणाली, चहा तयार आहे. दोन महिने भेट नव्हती. उतरलो. नर्सबाई म्हणाल्या होत्या, अकबरभाई, उशीर होईल. मी म्हणालो, पाच मिनिटं."

फरीदाने आडव्या रेषेवरच्या दोन चौकटी बोटाने दाखवल्या.

"पाचच वाटली मला," अकबर म्हणाला.

"रविवारी बाई हे फळ्यावर काढणार."

"काढू नका म्हणून सांग."

"मीच काढा म्हणून सांगितलंय."

तो उठून आत गेला. आईने फरीदाला हाक मारली नाही, जेवायला या असंही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने अकबर बाहेर आला तेव्हा फरीदा तिथेच बसलेली होती.

"फळ्यावर दिसायच्या आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "एवढंच करा, अब्बा."

रविवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत बाक भिंतीकडे सारले आणि मधे खुर्च्या मांडल्या. दत्तोबा, डॉक्टर आणि इंदुताई एका बाजूला बसले. समोर रंगराव, त्याच्याबरोबर खोलीवरचा एक गडी. कौशल्याबाई दाराजवळ. अकबर उभाच राहिला. फरीदाने येऊ नये असं ठरलं होतं, ती व्हरांड्यात बसली होती आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

दत्तोबांनी तक्रार वाचून दाखवली. नऊ मैलांपाशी आल्यावर ते थांबले आणि अकबरकडे पाहिलं.

अकबर म्हणाला, "फाटक बंद होतं ते खरं आहे. पण जाताना मी मोशीला उतरलो. बहिणीकडे चहा प्यायलो. दहा मिनिटं झाली. चूक झाली."

रंगराव खुर्चीतून अर्धा उठला. "आता कसं," तो म्हणाला. "आता आलं का त्वांडात. माझं प्वार गेलं आन् ह्यो चहा पीत व्हता."

डॉक्टर म्हणाले, "दहा मिनिटांनी..." रंगरावने त्यांना हातानेच थांबवलं.

"मला फळा वापरू द्या," इंदुताई म्हणाल्या. "दोन तास चाळीस मिनिटांचा हिशेब आहे. त्यातली दहा आता कळली. बाकीची कुठे गेली ते सगळ्यांनी बघावं, मग काय ते ठरवू."

त्यांनी चौकटींवर दोन रेषा जाड केल्या. खाली वेळ, उभं अंतर. "ही दवाखान्याची जागा. इथे अंतर शून्य. वर गेलं की दवाखान्यापासून लांब." मग वेळा सांगत सांगत रेघ ओढली. फाटकापर्यंत चढ. फाटकाशी आडवी, नऊ मिनिटं. पुन्हा चढ मोशीपर्यंत. तिथे पुन्हा आडवी, दहा मिनिटं. पुन्हा चढ, आठ पंचावन्नपर्यंत. "इथे गाडी वस्तीवर पोचली. तिन्ही चढ बघा, तिरकेपणा सारखाच आहे. गाडी चालत होती तेव्हा तासाला वीस मैलांनी चालत होती. जाताना बारा मैलांना चालण्याची छत्तीस मिनिटं लागली, थांबण्याची एकोणीस."

दत्तोबा पुढे वाकून पाहत होते. "आन् ह्ये वर पठार कसलं?" त्यांनी विचारलं. "चाकणकडं तर एवढी सपाटी न्हाई."

"पठार नाही. रस्ता कसा आहे ते यात दिसतच नाही. रेघ आडवी म्हणजे गाडी हलली नाही."

"मंग लई वेळ हलली न्हाई."

"पंचेचाळीस मिनिटं," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी रेघ नऊ चाळीसपर्यंत नेली, मग तिथून तिरकी खाली आणली आणि दहा चाळीसला खालच्या रेषेवर टेकवली. "हा परतीचा प्रवास. बारा मैल, एक तास, म्हणजे तासाला बारा मैल. येताना कुठेही थांबली नाही, ही रेघ कुठेच आडवी नाही. फाटकही उघडं होतं."

रंगराव एवढा वेळ फळ्याकडे पाहत होता. कारखान्यात तो यंत्रावर काम करत होता, दाब दाखवणारे काटे रोज वाचत होता. रेघ समजायला त्याला वेळ लागला नाही.

"येताना हळू का आणली?" त्याने विचारलं. "बाई तळमळत व्हती, तवा बिगी बिगी आणायची सोडून हळू?"

"मी सांगितलं म्हणून," कौशल्याबाई दाराजवळून म्हणाल्या. "चाकाखाली खड्डा आला की ती किंचाळत होती. मूल आडवं होतं. मी म्हटलं, अकबरभाई, हळू घ्या. जोरात आणली असती तर ती दवाखान्यात पोचली असती की नाही मला माहीत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. रंगराव पुन्हा फळ्याकडे वळला. वरची आडवी रेघ सगळ्यांत लांब होती. मोशीच्या रेघेच्या साडेचार पट. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "आन् ह्ये? हितं काय केलं ह्यांनी? हितंबी चहा?"

इंदुताईंनी खडू त्या आडव्या रेघेच्या सुरुवातीला टेकवला.

"ही बारा मैलांची जागा म्हणजे तुमचं घर," इंदुताई म्हणाल्या.

रंगरावचं बोट खाली आलं.

कौशल्याबाई पुढे आल्या. "तुमच्या आई सोडत नव्हत्या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, रोग्याच्या नातेवाइकांशी बोलतात तसा. "मी आत जाऊन तपासलं त्याला दहा मिनिटं गेली असतील. बाहेर येऊन म्हटलं, लगेच न्यायला हवं. यशोदाबाई म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच, दवाखान्यात बाप्या माणसाचा हात लागेल, लेक घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय नेऊ देणार नाही. मी म्हटलं, तो कारखान्यात आहे, कसं विचारणार. त्या उंबऱ्यावर बसल्या. अकबरभाईंनी हात जोडले. शेवटी शेजारची माणसं मध्ये पडली, तेव्हा उठल्या."

"आये म्हनली, गाडीच उशिरा आली," रंगराव म्हणाला.

"गाडी आठ पंचावन्नला दारात होती."

रंगराव खाली बसला. त्याच्या गड्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने बाजूला केला. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, "लवकर आली असती तर वाचला असता का?"

डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आली असती तर मी नक्कीच प्रयत्न करू शकलो असतो. वाचला असता असं मी सांगू शकत नाही. नसता वाचला असंही नाही."

"तासभर," रंगराव म्हणाला. त्याने फळ्यावरच्या आडव्या रेघा एकेक करून पाहिल्या. फाटक, मोशी, घर. मिळवल्या की तासाच्या वर चार मिनिटं होत होत्या. ती बेरीज त्याने मोठ्याने केली नाही, पण इंदुताईंना त्याचे ओठ हललेले दिसले.

"माजी तक्रार न्हाई," तो उठत म्हणाला.

"तक्रार नसली तरी मोशीचं राहतंच," इंदुताई म्हणाल्या. "त्याचं समितीला बघावं लागेल."

तो दारापर्यंत गेला होता. अकबर त्याच्या वाटेत उभा होता. अकबर म्हणाला, "भाऊ, मला माफ कर." रंगराव त्याच्या शेजारून बाहेर निघून गेला.

समिती मग तासभर बोलत बसली. अकबरला काढून टाकावं असं दत्तोबांच्या मनात होतं. रस्त्यात बोलावणं आल्यावर चहा प्यायला थांबणारा माणूस पुन्हा थांबेल, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणाले, बदलीच्या माणसावर गाडी किती दिवस चालवायची. इंदुताईंनी एवढंच म्हटलं की फळ्यावर मोशीची रेघ यायच्या आधी त्याने आपण होऊन सांगितलं आहे. अखेर पंधरा दिवस कामावरून दूर आणि लेखी ताकीद, असं ठरलं. फाटकाबद्दल स्टेशनमास्तरांना अर्ज करायचं ठरलं, दवाखान्याची गाडी आली तर शक्य तेव्हा फाटक लवकर उघडावं म्हणून. अर्जाचं उत्तर आलं नाही.

अकबर पंधरा दिवसांनी कामावर आला. मोशीवरून जाताना रहमतबी पुढेही कधीकधी रस्त्यावर उभी असायची. त्याने तिला सांगून टाकलं होतं, परतीला रिकामी गाडी असेल तरच थांबेन. ती रागावली, मग राग गेला. फरीदाशी तो काही दिवस नीट बोलत नव्हता. ती शाळेत जात राहिली. वार्षिक परीक्षेत आलेखाचा प्रश्न आला तेव्हा तिने तो सर्वांत शेवटी सोडवला, आणि बरोबर सोडवला. तो शेवटी का ठेवला हे इंदुताईंनी विचारलं नाही.

गोजाबाईला ताप होता म्हणून ती आणखी बारा-तेरा दिवस दवाखान्यातच राहिली. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी रंगराव शिफ्ट सुटल्यावर तिच्याकडे आला. त्याने बैठकीतलं सगळं तिला सांगितलं. फळा, चौकटी, वरची लांब रेघ. कौशल्याबाई शेजारच्या खाटेवर पट्टी बांधत होत्या, त्यांनी ऐकलं.

गोजाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्या हुतेच की आत. समदं ऐकत हुते. मला इचारलं आसतं तर मीच सांगितलं आसतं."

"तू बोलली न्हाईस."

"हितं खाटंपाशी बसलात, तसंच उठून आईकडं गेलात. कुणी इचारलं?"

रंगराव खाटेच्या कडेला बसला. दापोडीला सायंकाळची गाडी गेली, तिचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "आता कुठं जायचं म्हनतीस? वस्तीवर?"

"न्हाई."

"आये वाईट मनाची न्हाई, गोजा. तिला भ्या वाटलं."

"मला ठावं हाय. पर मी न्हाई जात."

तिला दवाखान्यातून सोडायच्या आधीच रंगरावने चौघांची खोली सोडली. दापोडीलाच रेल्वेच्या कडेला पत्र्याची एक खोली घेतली आणि गोजाबाईला तिथेच आणलं. त्यासाठी त्याला ओव्हरटाइम घ्यावा लागला. यशोदाबाई सणाला येऊन राहून गेली. तिच्याशी या विषयावर कुणी बोललं नाही, तीही बोलली नाही. एकदा मात्र गोजाबाई पाण्याला गेली असताना तिने रंगरावला विचारलं, "त्या बाईनं फळ्यावर माझं नाव लिवलं व्हतं का?"

"न्हाई," रंगराव म्हणाला. "बारा मैल लिवलं व्हतं."

यशोदाबाईने पदर डोळ्याला लावला आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

पुढच्या वर्षी गोजाबाईला मुलगी झाली. दवाखाना खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. दिवस भरत आल्यावर कौशल्याबाईंनी तिला आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं.